पगाराच्या बँडमध्ये आपण नेमके कुठे आहोत, हे कसं काढायचं

एप्रिलच्या सुमारास हातात येणाऱ्या इन्क्रिमेंट लेटरवर दोन आकडे ठळक दिसतात: नवा सीटीसी आणि वाढीचा टक्का. ज्या आकड्यावरून तो टक्का ठरला, तो मात्र पत्रात कुठेच नसतो. एकाच टीममध्ये, एकाच रेटिंगवर एकाला दहा टक्के मिळतात आणि दुसऱ्याला सहा, आणि दुसरा वर्षभर स्वतःच्या कामात खोट शोधत बसतो. बहुतेक वेळा खोट कामात नसते. तो त्याच्या ग्रेडच्या बँडमध्ये, म्हणजे त्या ग्रेडला ठरलेल्या किमान ते कमाल पगाराच्या पट्ट्यात, वरच्या बाजूला असतो आणि पहिला खालच्या बाजूला. ही जागा आपली आपल्याला काढता येते. त्यासाठी दोन सोपी सूत्रं, ऑफर लेटरचं शेवटचं पान आणि थोडी चौकशी एवढं पुरतं.

बँड येतो कुठून

घरात कुणी सरकारी नोकरीत असेल, तर 'पे बँड' आणि 'ग्रेड पे' हे शब्द सहाव्या वेतन आयोगापासून कानावर पडलेले असतात. सातव्या आयोगाने ते काढून पे मॅट्रिक्स आणलं. तो तक्ता उघड आहे. केंद्र सरकारच्या लेव्हल 10 चं मूळ वेतन 56,100 रुपयांपासून सुरू होतं आणि 1,77,500 ला संपतं, हे कुणालाही पाहता येतं. तिथे माणूस दरवर्षी साधारण 3 टक्क्यांची एक पायरी चढतो. खाजगी कंपनीच्या बँडमध्ये पायऱ्या नसतात. खालची हद्द, वरची हद्द आणि मधला बिंदू, म्हणजे मिडपॉइंट, असतो, आणि नुसतं वर्ष सरलं म्हणून कुणी वर सरकत नाही. शिवाय हा तक्ता एचआरच्या कपाटात असतो.

मोठ्या कंपन्या आधी पदाचं मोजमाप करतात, त्या पदावरच्या माणसाचं नाही. हे काम कॉर्न फेरी या सल्लागार संस्थेची 'हे' नावाची पद्धत किंवा मर्सर या संस्थेची पद्धत वापरून होतं. या कामाला किती ज्ञान लागतं, किती अवघड प्रश्न सोडवावे लागतात, निर्णयाची जबाबदारी किती, याला गुण दिले जातात. गुणांची बेरीज ज्या टप्प्यात पडते, ती त्या पदाची ग्रेड. मग सल्लागार संस्थांच्या पगार सर्वेक्षणातून बघतात की बाजारात अशा कामाला काय देतात. कंपनीने 'आपण बाजाराच्या मधोमध देणार' असं ठरवलं असेल, तर सर्वेक्षणातला 50 वा पर्सेंटाइल, म्हणजे ज्याच्या खाली निम्मे पगार येतात तो आकडा, हा त्या ग्रेडचा मिडपॉइंट होतो. पगारावर माणसं ओढायची असतील, तर 60 किंवा 75 वा पर्सेंटाइल धरतात.

मिडपॉइंट ठरला की त्याच्या दोन्ही बाजूंना जागा सोडली की बँड तयार. किती सोडायची, याला रेंज स्प्रेड म्हणतात: कमाल पगार किमान पगारापेक्षा किती टक्के जास्त. ऑपरेटर, कारकून अशा ग्रेडमध्ये काम लवकर हातात बसतं, म्हणून बँड अरुंद असतो. वरच्या ग्रेडमध्ये एकाच पदावर माणूस अनेक वर्षं वाढत राहू शकतो, म्हणून तो रुंद ठेवतात. मधल्या ग्रेडमध्ये 50 टक्क्यांच्या आसपासचा स्प्रेड सर्रास दिसतो.

पुढचा सगळा हिशोब कळावा म्हणून एक उदाहरण धरू. आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत. चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत एक डिझाइन इंजिनिअर आहे, ग्रेड ई-3. तिच्या ग्रेडचा बँड 12 लाख ते 18 लाख, मिडपॉइंट 15 लाख. तिच्या पत्रावर सीटीसी आहे 16 लाख 40 हजार.

आधी योग्य आकडा हातात घ्या

बहुतेकांचा हिशोब इथेच चुकतो. पत्रावर 16.40 लाख लिहिलंय, मिडपॉइंट 15 लाख, म्हणजे मी मध्याच्या बऱ्यापैकी वर, असं वाटतं. पण कंपनीचा बँड कोणत्या पगारावर बांधलाय, हे न बघता केलेली तुलना निरुपयोगी आहे. काही कंपन्यांचा बँड पूर्ण सीटीसीवर असतो. बऱ्याच कंपन्यांचा फिक्स्ड पगारावर असतो. फिक्स्डमध्येही ग्रॅच्युइटी आणि विम्याचा हप्ता धरायचा की नाही, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते.

ऑफर लेटरच्या शेवटी जोडलेला ब्रेकअप काढा. आपल्या इंजिनिअरचा असा आहे: बेसिक 8,20,000, म्हणजे सीटीसीच्या निम्मं. व्हेरिएबल 1,64,000. ग्रॅच्युइटी 39,442. ग्रुप मेडिक्लेमचा हप्ता 16,558. उरलेल्या 6 लाखांत एचआरए, स्पेशल अलाउन्स आणि कंपनीचा पीएफचा वाटा आहे. ग्रॅच्युइटीचा आकडा बेसिकच्या 4.81 टक्के येतो. वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून, म्हणजे 15 भागिले 26, आणि ते भागिले 12. ही रक्कम दरमहा हातात येत नाही, नोकरी सोडताना आणि नियमात बसलं तरच मिळते, तरीही सीटीसीत तिची बेरीज असते.

तिच्या कंपनीचा बँड व्हेरिएबल, ग्रॅच्युइटी आणि विमा वगळून आहे असं धरू. 16,40,000 मधून 1,64,000, 39,442 आणि 16,558 काढले की उरतात 14,20,000. बँडशी तुलना करायचा आकडा हा. म्हणजे ती मिडपॉइंटच्या वर नाही, खाली आहे.

आपल्या कंपनीत बँड कशावर आहे, हे एचआरला सरळ विचारता येतं. 'आपल्याकडे बँड फिक्स्डवर आहेत की टोटल सीटीसीवर?' या प्रश्नात कुणाचाच पगार उघड होत नाही, त्यामुळे उत्तर बहुधा मिळतं.

दोन सूत्रं

```
कंपा रेशो = तुमचा पगार ÷ मिडपॉइंट
बँडमधली जागा = (तुमचा पगार − किमान) ÷ (कमाल − किमान)
```

इंजिनिअरचा कंपा रेशो 14.20 भागिले 15, म्हणजे 0.95. एचआरची माणसं याला '95 ची कंपा' म्हणतात. बँडमधली जागा काढायला 14.20 मधून 12 वजा केले, 2.20 उरले, त्याला 6 ने भागलं: सुमारे 37 टक्के. तळापासून वरपर्यंतचं एक तृतीयांशापेक्षा थोडं जास्त अंतर तिने कापलंय. आता हेच चुकीच्या 16.40 वर करून बघा. कंपा 1.09 आणि जागा 73 टक्के येते. एवढ्या फरकाने माणूस मागायचं तिथे गप्प बसतो, किंवा नको तिथे वाद घालतो.

दोन्ही सूत्रं लागतात, कारण दोघांचं काम वेगळं. कंपनीचे इन्क्रिमेंटचे निर्णय बहुतेक कंपा रेशोवर चालतात. आपल्याला वर किती जागा उरली आहे, हे मात्र दुसऱ्या सूत्रावरून कळतं. 50 टक्के स्प्रेडच्या बँडमध्ये कंपा 0.80 पासून 1.20 पर्यंत जाते. ग्रेडमध्ये नुकतं पाऊल ठेवलेला माणूस 0.80 ते 0.90 च्या आसपास असणं नेहमीचं आहे. काम पूर्ण हातात आलेल्या माणसाला 1.00 च्या जवळ आणायचं, हाच मिडपॉइंटचा मूळ हेतू. 1.10 च्या वर सहसा त्या ग्रेडमध्ये बरीच वर्षं काढलेले किंवा सातत्याने वरचं रेटिंग घेणारे असतात.

बँड माहीतच नसेल तर

आपल्याकडे बहुसंख्य लोकांची हीच अडचण आहे. अमेरिकेत कोलोरॅडो, कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क अशा राज्यांत नोकरीच्या जाहिरातीत पगाराची रेंज छापावी लागते. भारतात तसा कायदा नाही. म्हणून बँड आजूबाजूच्या खुणांवरून बांधावा लागतो.

पहिली खूण म्हणजे स्वतःची ग्रेड. पदनामावर जाऊ नका. 'सीनियर इंजिनिअर' दोन ग्रेडमध्ये असू शकतो, आणि 'मॅनेजर' हे पदनाम काही कंपन्या उदारपणे वाटतात. ऑफर लेटर, एचआर पोर्टलवरचं प्रोफाइल किंवा प्रवासाच्या नियमांचा कागद बघा. विम्याचं कव्हर, हॉटेलच्या खोलीची मर्यादा, नोटीस पिरियड, कार लीज ही सगळी ग्रेडला बांधलेली असतात, त्यामुळे पोर्टलवर ग्रेड दिसत नसली तरी त्यांवरून ती ओळखता येते.

मग तळ शोधा. प्रमोशनच्या वेळी बहुतेक कंपन्यांत नियम असतो की ठरलेली वाढ देऊनही पगार नव्या ग्रेडच्या किमानाला पोहोचत नसेल, तर तो किमानावर आणून ठेवायचा. त्यामुळे आधीचे पगार वेगवेगळे असलेली दोन-तीन माणसं प्रमोशननंतर अगदी सारख्या फिक्स्ड पगारावर आली असतील, तर तो आकडा योगायोगाचा नसतो. तो बँडचा तळ असतो. आपल्या उदाहरणात ई-2 मधून आलेल्या दोघांचा फिक्स्ड पगार नेमका 12 लाख झालाय.

मग वरचं टोक. कमाल हद्दीला टेकलेल्या माणसाचा पगार वाढवला, तर तो बँडच्या बाहेर जातो. म्हणून अशांना चांगल्या रेटिंगवरही पगारवाढ न देता एकरकमी रक्कम दिली जाते. ती फिक्स्डमध्ये मिसळत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा शून्यापासून सुरुवात. पगार कमाल हद्दीच्याही वर गेलेल्यांना एचआर 'रेड सर्कल' म्हणतं. ई-3 मध्येच बरीच वर्षं असलेल्या ज्येष्ठ सहकाऱ्याला यंदा वाढीऐवजी लंप सम मिळाली आणि त्याचा पगार 18 लाखांच्या घरात आहे असं कळलं, तर वरचं टोक सापडलं. 12 आणि 18 यांच्या मधोमध 15. तीन आकडे जमले.

अशी माणसं आसपास नसतील, तर अंतर्गत जॉब पोस्टिंग बघा, आणि आपल्याच कंपनीसाठी भरती करणाऱ्या कन्सल्टंटला विचारा. नवीन माणसाला कुठपर्यंत ऑफर द्यायची, हे त्यांना सांगितलेलं असतं. फक्त हे लक्षात ठेवा की भरतीची मर्यादा बहुधा मिडपॉइंटपाशी किंवा थोडी पुढे थांबवतात, कारण आत आलेल्याला वाढायला जागा हवी. कन्सल्टंट 'या ग्रेडला 12 ते 15 फिक्स्ड' म्हणाला, तर 15 ही बँडची कमाल समजू नका.

कंपनी बहुराष्ट्रीय असेल, तर तिच्या अमेरिकेतल्या जाहिराती उघडा. डॉलरचे रुपये करून काही हाती लागत नाही, तिथला बाजार वेगळा. पण त्याच ग्रेडच्या रेंजचं खालचं-वरचं टोक बघून स्प्रेडचा अंदाज येतो. तिथे कमाल किमानाच्या दीडपट असेल, तर इथेही ठेवण जवळपास तशीच असण्याची शक्यता बरीच. एक टोक माहीत असलं की दुसरं काढता येतं. नोकरीच्या संकेतस्थळांवर लोकांनी भरलेल्या पगारांना मी शेवटचं स्थान देते. तिथे ग्रेड नसते, शहर मिसळलेलं असतं, आणि आकडा फिक्स्ड आहे की पूर्ण सीटीसी, हे भरणाऱ्यालाच अनेकदा ठाऊक नसतं.

एक पथ्य पाळा. बऱ्याच ऑफर लेटरमध्ये पगार गोपनीय ठेवण्याचं कलम असतं. सहकाऱ्याकडून त्याच्या पत्राचा फोटो मागू नका. 'प्रमोशनला फिक्स्ड साधारण कुठे येतं?' एवढं पुरेसं आहे.

टक्का कसा ठरतो आणि जागा कशी सरकते

इन्क्रिमेंटच्या वेळी मॅनेजरसमोर एक तक्ता असतो, मेरिट मॅट्रिक्स. उभ्या बाजूला रेटिंग, आडव्या बाजूला कंपा रेशो. उदाहरणादाखल, 'अपेक्षेप्रमाणे काम' या एकाच ओळीत 0.90 च्या खाली असलेल्याला 10 टक्के, 0.90 ते 1.10 ला 8, आणि त्यावर 5. सुरुवातीला ज्या दोघांबद्दल लिहिलं, त्यांच्या टक्क्यातला फरक इथून येतो. उलट बाजूनेही याचा उपयोग होतो. तुमच्या रेटिंगवर टीममधल्या सरासरीपेक्षा सतत कमी टक्के मिळत असतील, तर तुम्ही बँडच्या वरच्या भागात आहात, असा अंदाज करायला हरकत नाही.

पण बँडही जागच्या जागी राहत नाही. बाजार वर गेला की कंपनी दरवर्षी किंवा एका वर्षाआड मिडपॉइंट वाढवते. इंजिनिअरला 8 टक्के मिळाले: 14,20,000 चे 15,33,600 झाले. तिला वाटलं मिडपॉइंट ओलांडला. पण त्याच एप्रिलमध्ये बँड 5 टक्क्यांनी सरकला आणि नवा मिडपॉइंट 15,75,000 झाला. नवी कंपा 0.97. वाढ 8 टक्क्यांची, पण कंपा 94.7 वरून 97.4 वर, म्हणजे प्रगती जेमतेम पावणेतीन अंकांची. हेच आकडे पुढच्या वर्षी टिकले, तर ती तेव्हा मिडपॉइंटला टेकेल. तिला 5 टक्केच मिळाले असते, तर ती बँडमध्ये होती तिथेच राहिली असती, आणि 4 मिळाले असते तर मागे गेली असती. दरवर्षी वाढ घेऊनही बँडमध्ये खाली घसरणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांना ते कुणी सांगितलेलं नव्हतं. म्हणून मागच्या वर्षीचा मिडपॉइंट यंदा वापरू नका.

प्रमोशनला कंपा बहुधा पडते. ई-4 चा मिडपॉइंट 18,75,000 आहे, बँड 15 लाख ते 22.50 लाख. तिला आजच 12 टक्के वाढीसह प्रमोशन मिळालं, तर पगार 15,90,400 होतो, आणि कंपा 0.95 वरून 0.85 वर येते. घाबरण्यासारखं काही नाही. आता ती मॅट्रिक्सच्या त्या रकान्यात आहे जिथे टक्के जास्त असतात, आणि वर साडेसहा लाखांहून जास्त जागा आहे. 15 ते 18 लाख हा पट्टा दोन्ही ग्रेडमध्ये येतो हेही दिसलं असेल. ई-3 मधला जुना माणूस ई-4 मधल्या नव्यापेक्षा जास्त पगार घेत असेल, तर त्यात गैर काही घडलेलं नसतं.

विचारायचं कसं, कधी

पत्र हातात आल्यावर विचारून उपयोग नसतो, बजेट वाटून झालेलं असतं. एप्रिलची सायकल असेल, तर जानेवारी-फेब्रुवारीत बोला. आधी मॅनेजरशी, मग त्यांना सांगून एचआरशी.

'मॅडम, माझ्या ग्रेडचा बँड मला कळू शकेल का?'

'सॉरी, बँड कॉन्फिडेन्शियल आहेत.'

'आकडे नकोत. मी मिडपॉइंटच्या खाली आहे की वर, आणि साधारण कितीवर, एवढं सांगता येईल का? पुढची दोन वर्षं याच ग्रेडमध्ये वाढायचं की वरच्या ग्रेडची तयारी करायची, ते मला ठरवायचंय.'

दुसऱ्या प्रश्नाला बऱ्याच ठिकाणी उत्तर मिळतं, कारण स्वतःची जागा सांगण्यावर बंदी क्वचित असते. '90 ते 95 मध्ये आहात' एवढं कळलं तरी फिक्स्ड पगाराला 0.90 आणि 0.95 ने भागून मिडपॉइंटचा पट्टा काढता येतो. 14.20 लाखांवर तो 14.95 ते 15.78 लाख येतो. वर काढलेल्या खुणांशी तो जुळतो का, ते बघा.

कंपा कमी निघाली आणि ग्रेडमध्ये तीन-चार वर्षं झाली असतील, रेटिंगही चांगलं असेल, तर मुद्दा थेट मांडा: 'काम पूर्ण जबाबदारीने करतोय, पण पगार अजून नव्या माणसाच्या जागेवर आहे.' अशा दुरुस्तीसाठी बऱ्याच कंपन्या मेरिट बजेटबाहेर थोडे पैसे राखून ठेवतात. त्याला करेक्शन म्हणतात. 'मार्केट करेक्शनसाठी माझं नाव विचारात घ्याल का?' असं त्याच शब्दात विचारा, म्हणजे विनंती योग्य खात्यात जाते.

हिशोब कुठे फसतो

एकाच ग्रेडला कामानुसार आणि शहरानुसार वेगळे बँड असू शकतात. ई-3 चा सॉफ्टवेअरचा बँड ई-3 च्या क्वालिटी विभागापेक्षा वर असतो, आणि मुंबईचा नाशिकपेक्षा. आकडे जमवताना हे मिसळू देऊ नका. काही कंपन्यांनी ग्रेड कमी करून फार रुंद बँड केले आहेत, कमाल किमानाच्या दुप्पट किंवा जास्त. तिथे मिडपॉइंटला फारसा अर्थ उरत नाही. आपल्या कामाच्या लोकांचे पगार त्या रुंद पट्ट्यात कुठे गोळा झालेत, तेच बघावं लागतं. लहान कंपनीत ग्रेड फक्त पत्रावर असते आणि पगार मालक ठरवतो. तिथे हे गणित मांडू नये.

कंपा 1.00 आहे, पण बँडच शिळा, असंही होतं. ओळखायची खूण सोपी आहे: बाहेरून येणारे नवे लोक कमी अनुभवावर मिडपॉइंटच्या वर आत येत असतील, तर बाजार पुढे गेलाय आणि बँड मागे राहिलाय.

आणि कधी पगार बँडमध्ये अगदी योग्य जागी असतो, ग्रेडच चुकलेली असते. कंपा 1.15 आहे, वाढ मिळत नाही, पण गेल्या दोन वर्षांत हाताखाली माणसं आली, ग्राहकाशी थेट बोलणं आलं, खर्चाच्या मंजुरीची सही आली. अशा वेळी पगारवाढ मागितली, तर तक्ता बघून नकारच मिळेल. पदाचं पुनर्मूल्यांकन मागा. आधीच्या जॉब डिस्क्रिप्शनशेजारी आज प्रत्यक्ष करत असलेल्या कामांची यादी ठेवा, प्रत्येक कामासमोर निर्णय कुणाचा आणि किती रकमेपर्यंतचा, ते लिहा. गुण देणारी समिती हाच तपशील शोधत असते, आणि ग्रेड बदलली की आजचाच पगार नव्या बँडच्या खालच्या भागात येतो.